चार्टवर दोन ओळी जास्त वाचते, म्हणजे नंबर उतरला का? (लेक वय १०, नागपूर)

धंतोलीची_सून · मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

लेक पाचवीत आहे. जूनमध्ये शाळेतून निरोप आला की फळ्यावरचं उतरवताना शेजारणीच्या वहीत बघते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांत थेंब घालून तपासलं तर दोन्हीकडे उणे १.७५. घरात कोणालाच चष्मा नाही, त्यामुळे सासरी अगदी सुतक पडल्यासारखं झालं. मग आत्याबाईंनी एका शिबिराचं पत्रक आणलं, "चष्मामुक्त बालक, सहा महिन्यांत." यांना पटलं. ४,८०० रुपये भरून एक पिशवी मिळाली. त्यात काळ्या प्लास्टिकचा बारीक भोकांचा जाळीदार चष्मा, "वनौषधी नेत्रबिंदू"च्या दोन बाटल्या आणि व्यायामाचा कागद. अंगठा जवळ-लांब वीस वेळा, डोळे गोल फिरवणे, तळहात चोळून डोळ्यांवर ठेवणे, आणि उगवत्या सूर्याकडे दोन मिनिटं बघणे. शिवाय नेहमीचा चष्मा अजिबात घालायचा नाही, त्याने डोळे आळशी होतात म्हणे.

सहा आठवड्यांनी शिबिरवाल्यांनीच तपासलं. पहिल्या दिवशी विनाचष्मा ६/३६ होतं, आता ६/१८. हे खूश, आत्याबाई पेढे वाटायच्या बेतात. पण घरी ती अजूनही टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसते. मला कळेना, दोन ओळी वाढल्या त्या खऱ्या की खोट्या?

---

सदरचा_शाम · मंगळवार, रात्री ११.०५

खऱ्या असू शकतात, ताई. मी स्वतः उदाहरण आहे. सीएच्या परीक्षेच्या वेळी माझा नंबर उणे १.२५ निघाला होता. चष्मा केलाच नाही. रोज अंगठ्याचा व्यायाम केला, मोबाइल कमी केला, दोन महिन्यांनी उणे ०.५०. त्याच दुकानात, त्याच मशीनवर. डॉक्टर लोक व्यायाम सांगत नाहीत कारण त्यात चष्मा विकला जात नाही, एवढंच.

---

वऱ्हाडी_बापू · मंगळवार, रात्री ११.३२

आमच्या गल्लीत एक काका हायेत. त्यायनं हाच जाळीचा चष्मा घेतला अन् तोच घालून ॲक्टिव्हावर भाजी आनाले निघाले. बाजूनं आलेली गाय त्यायले दिसलीच नाई. गाय शहानी होती म्हनून वाचले.

---

रेटिनोस्कोप · बुधवार, सकाळी ७.१५

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. एकोणीस वर्षं रोज लहान मुलंच तपासतो, त्यामुळे राहवलं नाही.

ताई, सगळ्यात आधी सूर्याकडे बघणं आजपासून बंद. उगवता असला तरी. पडद्याच्या मधोमध भाजल्यासारखी इजा होते, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कधी कधी भरून येत नाही. बाकीचं सावकाश बोलू.

आता मला चार गोष्टी सांगा. दोन्ही वेळा चार्ट तोच होता का? अंतर कोणी मोजलं का? उजेड कसा होता? आणि वाचताना ती डोळे बारीक करत होती का? लेकीला बाजूला घेऊन विचारा, रागावू नका.

---

धंतोलीची_सून · बुधवार, दुपारी १.२०

दादा, विचारलं. पहिल्यांदा संध्याकाळी हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली तपासलं होतं. दुसऱ्यांदा सकाळी अकरा वाजता, चार्ट खिडकीशेजारी, ऊन सरळ आत. चार्ट तोच. अंतर फरशा मोजून. डोळे बारीक करते का हे मला आठवत नव्हतं, पण यांनी तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, त्यात चांगले किलकिले केलेले दिसतात.

आणि शेवटी बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "आई, ती ओळ मला पाठच होती. माझ्या आधी सात मुलांनी म्हटली ना."

---

वऱ्हाडी_बापू · बुधवार, दुपारी १.४५

पोरगी हुशार हाय, नंबराचं काय घेऊन बसले 😄

---

रेटिनोस्कोप · बुधवार, रात्री ९.५०

घ्या, बरंचसं उत्तर तिनेच दिलं. पण फक्त पाठांतरावर ढकलून चालणार नाही. तिला खरंच थोडं जास्त दिसलं असणार, आणि तरीही डोळा आहे तसाच राहिला असणार. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते सांगतो, कारण या सगळ्या धंद्याचा पाया तिथेच आहे.

डोळ्याची बाहुली म्हणजे प्रकाश आत यायचं भोक. साध्या खोलीत मुलांची बाहुली चार-पाच मिलिमीटर उघडी असते. तुमच्या लेकीच्या डोळ्यात लांबच्या वस्तूचा प्रकाश पडद्याच्या थोडा आधीच एकत्र येतो आणि पुढे परत फाकतो. म्हणून पडद्यावर ठिपक्याच्या जागी गोल डाग पडतो, आणि आपण म्हणतो पुसट दिसलं. आता तेच भोक एका मिलिमीटरचं करा. प्रकाश अजूनही आधीच एकत्र येतोय, चूक तेवढीच आहे, पण फाकायला वाव कमी उरल्याने डाग चौथा-पाचवा हिस्सा होतो. अक्षर ओळखू येतं.

जाळीचा चष्मा एवढंच करतो. डोळे किलकिले केले की पापण्या तेच करतात. खिडकीतल्या उन्हात बाहुली आपोआप लहान होते, तेव्हाही तेच. त्यात आधीच्या सात मुलांची घोकंपट्टी मिळवा. शिवाय सहा आठवडे चष्म्याशिवाय काढल्यावर मेंदू पुसट आकारांवरून अक्षर ताडायला शिकतो. व्यायाम करणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत हे दिसलेलं आहे, ओळी वाढतात आणि नंबर जागचा हलत नाही. तेव्हा ६/३६ चं ६/१८ होणं यात मला चमत्कार वाटत नाही.

ही भोकाची युक्ती आम्हीही रोज वापरतो. एखाद्याला कमी दिसत असेल तर साधारण सव्वा मिलिमीटरच्या भोकातून वाचायला लावतो. वाचता आलं तर समजायचं की दोष नंबराचा आहे, चष्म्याने भागेल. नाही आलं तर पडदा, नस, मोतीबिंदू असं पुढे शोधायचं. म्हणजे हे तपासायचं साधन आहे. जाळीचा चष्मा काढला की दोन सेकंदांत डाग पूर्वीएवढा. थर्मामीटर रोज काखेत धरून ताप उतरत नाही, तसं.

आणि बापू, तुमच्या काकांचं अगदी बरोबर आहे. एक मिलिमीटरच्या भोकातून उजेड सोळाव्या हिश्श्याहूनही कमी येतो, आणि कडेचं दिसणं जाळीत तुटतं. तो घालून गाडी चालवणं म्हणजे वेडेपणा.

---

सदरचा_शाम · बुधवार, रात्री १०.२०

हे सगळं चार्टचं झालं. माझा नंबर मशीनवर कमी झाला. मशीनला काय पाठांतर येतं का?

---

रेटिनोस्कोप · बुधवार, रात्री १०.५८

चांगला प्रश्न, आणि तुम्ही खोटं बोलताय असं मला अजिबात वाटत नाही.

जवळचं बघताना डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. परीक्षेच्या दिवसांत दहा-बारा तास पुस्तकात डोकं घातलं की तो स्नायू आवळलेलाच राहतो, मान आखडते तसा. त्या अवस्थेत मशीनवर बसलात की मशीन तो आवळलेला डोळा मोजतं आणि खोटा उणे नंबर दाखवतं. तुमचा खरा नंबर कदाचित पहिल्या दिवशीही अर्धाच होता, वरचा पाऊण आखडल्याचा. मोबाइल कमी केला, अभ्यास संपला, स्नायू सुटला. व्यायामाने त्याला हातभार लावला असेलही. थेंब घालून तपासलं होतं का? नसणार. थेंबांनी तो स्नायू काही तास पूर्ण सैल पडतो आणि मगच खरा आकडा कळतो.

या ताईंच्या लेकीचं उणे १.७५ मात्र थेंब घातल्यावरचं आहे. त्यात आखडलेलं काही नाही. तो नंबर डोळ्याच्या लांबीचा आहे. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. एक मिलिमीटर जास्त लांब झाला की साधारण अडीच नंबर चढतो. लांब झालेला गोळा अंगठ्याकडे बघून आखूड होत नाही. उंच झालेल्या मुलाने कितीही बैठका मारल्या तरी उंची उतरते का?

व्यायामाचं मूळ सांगायचं तर अमेरिकेतले डॉक्टर विल्यम बेट्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मांडलं की डोळ्याबाहेरचे स्नायू डोळा दाबतात म्हणून नंबर येतो, ते सैल करा. तळहाताची झापड आणि सूर्याकडे बघणं दोन्ही तिथलंच, शिबिरवाल्यांच्या कागदावर ते "प्राचीन" म्हणून छापलं असेल तर हसून घ्या. चीनमध्ये तर १९६३ पासून शाळाशाळांत डोळ्यांभोवती दाब देण्याचे व्यायाम गाण्याच्या ठेक्यावर करून घेतात. साठ वर्षं. आणि आज मुलांच्या चष्म्यांत तो देश जगात पुढच्या रांगेत आहे.

---

सदरचा_शाम · बुधवार, रात्री ११.१०

थेंब नव्हते घातले, हे खरं. पण मग व्यायाम शून्य उपयोगाचे, असंही नाही ना?

---

रेटिनोस्कोप · बुधवार, रात्री ११.१८

नाही, तसं नाही. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळायला हवेत. ते ज्यांना जमत नाही, वाचताना ओळी दुहेरी होतात, डोकं चढतं, त्यांना व्यायामाने चांगला फरक पडतो. त्यावर नीट चाचण्या झाल्या आहेत. तो वेगळा आजार. त्याचं यश दाखवून चष्मा सोडवण्याचं पाकीट विकणं ही हातचलाखी.

---

कुंदाकाकू_महाल · गुरुवार, सकाळी ६.३०

मुलांनो, मी एकाहत्तर वर्षांची. तुमचं सगळं वाचलं. मला पंचवीस वर्षं चाळिशीचा चष्मा होता. गेल्या दिवाळीपासून सुनेच्या माहेरचे काढ्याचे थेंब घालते आणि आता पोथी चष्म्याशिवाय वाचते, सुईत दोरासुद्धा ओवते. तेव्हा वनौषधींना नावं ठेवू नका. आमच्या आईनेही मध घालूनच डोळे सांभाळले.

---

वैद्य_इतवारी · गुरुवार, सकाळी ८.४५

मी आयुर्वेदाचा पदवीधर, वीस वर्षं प्रॅक्टिस. दोन्ही बाजूंना थोडं बोलतो.

आमच्याकडे नेत्रतर्पण आहे, डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचं पाळं करून त्यात औषधी तूप भरतात. डोळे कोरडे पडणाऱ्यांना, दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना बरं वाटतं, हा माझा अनुभव. पण लहान मुलाचा उणे नंबर त्याने गेला असं मी छातीठोक सांगू शकत नाही आणि सांगतही नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला चष्मा आहे.

धागाकर्तीताई, बाटलीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, निर्जंतुक असा उल्लेख, उघडल्यावर किती दिवस वापरायचं, हे आहे का?

---

धंतोलीची_सून · गुरुवार, दुपारी १२.१०

लिहिलेलं एवढंच: मध, पांढरा कांदा, आलं, लिंबू, गुलाबजल. खाली "सर्व नेत्रविकारांवर." परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. टाकलं की ती पाच मिनिटं रडते, नाक गळतं, आणि मग म्हणते, "आई, आता स्वच्छ दिसतंय." म्हणून तर आम्हाला वाटलं काम करतंय.

---

वैद्य_इतवारी · गुरुवार, दुपारी १२.४०

बाटली बंद करा आज. फेकू नका, पिशवी आणि पावतीसकट ठेवा. हे आयुर्वेद नाही, ही कोशिंबीर आहे.

---

रेटिनोस्कोप · गुरुवार, दुपारी ३.०५

वैद्यबुवांशी शंभर टक्के सहमत, असा योग रोज येत नाही.

ते "स्वच्छ दिसणं" अश्रूंचं आहे. कांदा-लिंबाने डोळा झोंबला, भरपूर पाणी आलं, बुबुळावरचा पाण्याचा थर क्षणभर गुळगुळीत झाला. पावसाने धुतलेली गाडीची काच जशी. दहा मिनिटांनी परत जैसे थे. डोळ्याची लांबी बदलायला थेंबाने मागच्या भिंतीपर्यंत काहीतरी करायला हवं, आणि कांद्याच्या रसाला तिथे वाट नाही.

भीती वेगळीच आहे. निर्जंतुक नसलेल्या बाटलीतून बुबुळाला जंतू किंवा बुरशी लागली तर पांढरा डाग कायमचा राहू शकतो, आणि तो चष्म्याने जात नाही. विनालेबलच्या थेंबांत स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर लाली झटकन उतरते, लोक खूश होतात आणि डोळ्यातला दाब गुपचूप चढत जातो. लेकीचा डोळा लाल असेल, उजेड सहन होत नसेल किंवा दुखत असेल तर आज संध्याकाळीच दाखवा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात नेलंत तरी चालेल.

"दृष्टी सुधारतो" हा दावा करायलाही मोकळीक नाही बरं. औषध नियमांच्या अनुसूची जे मध्ये ज्या गोष्टी औषधाने होतात असं सांगता येत नाही त्यांची यादी आहे, त्यात दृष्टी सुधारणे आहे.

कुंदाकाकू, तुमच्यासाठी वेगळं लिहितो, कृपया मनावर घ्या. उतारवयात अचानक जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागणं हे पुष्कळदा मोतीबिंदूचं लक्षण असतं. भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्याची ताकद वाढते आणि माणूस थोडा उणे नंबराचा होतो. म्हणून सुईत दोरा ओवला जातो. एक सांगा, लांबचं कसं दिसतं? बसची पाटी? रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात का? आणि मधुमेह आहे का? साखर चढली तरी नंबर असाच सरकतो.

---

कुंदाकाकू_महाल · गुरुवार, सायंकाळी ७.००

बसची पाटी नाही वाचता येत, ती नातू वाचतो. मला वाटलं पाट्याच पुसट झाल्यात. साखर नाही मला.

---

फुटाळा_फिरस्ता · गुरुवार, रात्री ८.१५

तुम्ही सगळे जुनं बोलताय. २०२४ मध्ये पेपरात मोठी बातमी होती, चष्मा घालवणाऱ्या थेंबांना सरकारने मान्यता दिली. पंधरा मिनिटांत चष्मा गायब. मग इथे सगळे थेंबांना शिव्या का घालताय?

---

रेटिनोस्कोप · गुरुवार, रात्री ९.३०

बातमी अर्धीच वाचलीत. ते थेंब पिलोकार्पिनचे, आणि चाळिशीसाठी, म्हणजे जवळचं न दिसण्यासाठी. उणे नंबराशी संबंध नाही. ते करतात काय? बाहुली आवळून लहान करतात. म्हणजे जाळीच्या चष्म्यातलं तेच भोक, बाटलीत भरलेलं. औषधाचा असर ओसरला की चाळिशी परत. आणि बातमीचा दुसरा भाग असा की जाहिरातीत मान्यतेपेक्षा जास्त दावे केले म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये औषध नियंत्रकांनी ती परवानगी स्थगित केली.

ताई, आता तुम्हाला घरी करायला एक मोजमाप देतो. उणे १.७५ चा डोळा चष्म्याशिवाय फक्त ५७ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट बघतो. गणित सोपं, १०० भागिले नंबर. लेकीला दिवसाउजेडी बसवा, चष्मा काढा, एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. अगदी बारीक छपाई घ्या, औषधाच्या डब्यातला कागद उत्तम. मोठं अक्षर पुसट झालं तरी ओळखू येतं, म्हणून बारीकच हवं. डोळ्याजवळून हळूहळू लांब न्या. जिथे कडा पहिल्यांदा विरघळेल तिथे थांबा आणि शिवणाच्या टेपने डोळ्यापासून मोजा. ती डोळे किलकिले करत नाही ना, याकडे दुसऱ्याने लक्ष ठेवायचं. तीन वेळा करा. नंबर खरोखर अर्ध्यावर आला असेल तर कागद मीटरभर लांब गेला तरी स्पष्ट दिसायला हवा.

---

धंतोलीची_सून · शनिवार, दुपारी ४.४०

केलं. यांना मुद्दाम टेप धरायला बसवलं. उजवा ५१, ५०, ५२. डावा ५२, ५१, ५१. मीटर तर सोडाच.

हे काहीच बोलले नाहीत, टेप गुंडाळून ठेवली. सोमवारी त्याच डॉक्टरांची वेळ घेतली आहे. डोळा लाल नाही, दुखत नाही.

---

रेटिनोस्कोप · शनिवार, सायंकाळी ५.३०

१०० भागिले ५१ म्हणजे दोनच्या आसपास. पण टेपवर पाव नंबराचा भरवसा ठेवू नका, हात हलतो, मूल कंटाळतं. अर्ध्यावर आलेला नाही, एवढं त्यातून पक्कं कळतं.

सोमवारी दोन आकडे मागून घ्या आणि फाइलवर लिहून घ्या. एक, थेंब घालून काढलेला नंबर. तो रेटिनोस्कोपीने काढायला सांगा, त्यात डोळ्यात पट्टीचा उजेड फिरवून बघणारा स्वतः ठरवतो, मुलाला काही बोलावंच लागत नाही, त्यामुळे पाठांतराचा प्रश्न मिटला. दोन, डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये. जूनमध्ये मोजली होती का ते फाइलमध्ये बघा. ज्याला कोणाला "नंबर उतरवतो" म्हणायचं असेल त्याने हे दोन आकडे आधी आणि नंतर दाखवावेत. चार्टवरच्या ओळी नकोत.

---

धंतोलीची_सून · सोमवार, रात्री ९.१५

जाऊन आलो. दोन्ही डोळे उणे २.००. लांबी जूनमध्ये उजवा २४.१२ होता, आता २४.२१. डावाही तसाच. म्हणजे चार महिन्यांत उतरला तर नाहीच, पाव चढला. चष्मा काढून ठेवल्यामुळे वाढला का, म्हणून मी रडकुंडीला आले, डॉक्टर म्हणाले या वयात वाढतोच, स्वतःला बोल लावू नका.

त्यांनी दोन पर्याय सांगितले. रोज रात्री अगदी सौम्य ॲट्रोपिनचा एक थेंब, किंवा वाढ मंदावणाऱ्या खास काचा. काचा फार महाग आहेत. आत्याबाईंचं म्हणणं, "शेवटी थेंबच ना? मग आमचे काय वाईट होते?" याला काय उत्तर देऊ?

---

वैद्य_इतवारी · सोमवार, रात्री ९.५०

आत्याबाईंना सांगा की ॲट्रोपिन धोत्र्यातसुद्धा असतं, महादेवाला वाहतो तोच. म्हणजे मूळ वनौषधीचंच. फरक एवढाच की इथे थेंबात किती आहे ते दहा हजारातल्या भागापर्यंत मोजलेलं आहे आणि बाटली निर्जंतुक आहे. आणि म्हणून कोणी घरी धोत्रा वाटायला घेऊ नका, विष आहे ते.

---

रेटिनोस्कोप · सोमवार, रात्री १०.२५

वा, बुवा.

दुसरा फरक दाव्यात आहे. ॲट्रोपिन देणारा डॉक्टर चष्मा सुटेल असं म्हणत नाही. वाढ मंदावेल म्हणतो. झालेली लांबी कमी होत नाही, चष्मा राहतोच. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये शेकडो मुलांवर, साध्या थेंबांशी तुलना करून हे तपासलंय. किती तीव्रतेचं द्यावं यावर आमच्यातही एकमत नाही. ०.०१ टक्का आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं, पण हाँगकाँगच्या चाचणीत ०.०५ टक्क्याचा परिणाम त्याच्यापेक्षा बराच जास्त आला. जास्त तीव्रतेला उन्हात डोळे दिपतात, जवळचं थोडं पुसट होतं. आणि अचानक बंद केलं की वाढ उसळी घेऊ शकते. हे सगळं डॉक्टरांना विचारून ठरवा, मी इथून तीव्रता सांगणार नाही.

चष्मा काढल्याबद्दल डॉक्टरांचं बरोबर, पाव नंबराचा दोष त्याला देता येत नाही. पण काढून ठेवल्याने वाढ थांबते हेही खोटं. मलेशियात २००२ मध्ये मुद्दाम कमी नंबर देऊन बघितलं, तर त्या मुलांचा नंबर पूर्ण चष्मा घालणाऱ्यांपेक्षा थोडा जास्तच वाढला. तेव्हा पूर्ण नंबर, पूर्ण वेळ.

---

सदरचा_शाम · सोमवार, रात्री १०.४०

फुकटातलं काही आहे का? की सगळं महागच?

---

रेटिनोस्कोप · सोमवार, रात्री ११.००

आहे. बाहेर खेळणं. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी नव्याने चष्मा लागलेली मुलं त्या शाळांत ३० टक्के, इतर शाळांत सुमारे ४० टक्के. म्हणजे चष्मा लागायच्या आधी याचा उपयोग चांगला. लागल्यावर किती, यावर वाद आहे. घरात ट्यूबखाली उजेड फार तर चारपाचशे लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. मान वर करून सूर्याकडे बघायची गरजच नाही.

---

वऱ्हाडी_बापू · सोमवार, रात्री ११.१२

मे महिन्यात नागपुरात पोरगं बाहेर काढाचं म्हंजे चष्म्याच्या आधी सलाइन लागन. सकाळी साडेसहाले अंबाझरीवर न्या, नाई तं संध्याकाळी सहा नंतर. पैसे परत भेटन का ताई?

---

धंतोलीची_सून · मंगळवार, सकाळी ११.३०

फोन केला. म्हणाले, "सहा महिने पूर्ण करा, मग बोलू." मी दोन्ही वेळची लांबी सांगितली तर समोरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्ही मिलिमीटर बघत नाही, आम्ही रिझल्ट बघतो." ग्राहक आयोगाकडे जायचं का, यावर घरात अजून वाद चालू आहे. आत्याबाई दोन दिवस अबोल्यात आहेत. ॲट्रोपिन सुरू केलं.

---

कुंदाकाकू_महाल · पुढचा रविवार, सकाळी ६.५०

नातवाने मेयोत नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, डाव्यात सुरुवात. दिवाळीनंतर ऑपरेशन म्हणाले. काढ्याचे थेंब बंद केले. आता मला एवढंच सांगा, ऑपरेशननंतर पोथी चष्म्याशिवाय वाचता येईल ना? तीच तर एक चैन होती.

---

रेटिनोस्कोप · रविवार, सकाळी ९.०५

काकू, साधारणपणे लांबचं स्पष्ट दिसेल अशा बेताचं भिंग बसवतात, म्हणजे बसची पाटी तुम्ही वाचाल आणि पोथीला चष्मा लागेल. पण जवळचं दिसेल असं भिंगही निवडता येतं, मग उलट होतं, लांबचं बघायला चष्मा. हे ऑपरेशनच्या आधी, डोळ्याचं माप घेतात त्याच दिवशी सांगायचं असतं, नंतर नाही. दोन्ही डोळ्यांचं एकदम ठरवा, एक असा आणि एक तसा झाला तर काहींना चक्कर येते. पोथी किती अंतरावर धरता तेही टेपने मोजून डॉक्टरांना सांगा.

---

कुंदाकाकू_महाल · रविवार, सकाळी ९.४०

मांडीवर असते रे पोथी. नातू म्हणतो ४२ सेंटिमीटर.